साडेबारा क्विंटल आणि बाराशे पाच किलो : घटक चाचणीच्या उत्तरांचे प्रश्ननिहाय विश्लेषण

अल्लीपूर हे हिंगणघाट तालुक्यातले, कापसाच्या पट्ट्यातले गाव. इथल्या सहावीच्या मुलाला क्विंटल म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. घरचा कापूस काट्यावर चढताना त्याने पाहिलेला असतो, आणि क्विंटलमागे भाव काय लागला हे तो घरी ऐकत असतो. तरीही दशांश अपूर्णांकांच्या घटक चाचणीत ‘१२.५ क्विंटल कापूस म्हणजे किती किलोग्रॅम?’ असे विचारले की १२५० ऐवजी १२०५ लिहिणारी मुले निघतात, आणि त्यांत वर्गातली हुशार मुलेही असतात. गणित विभागाच्या अहवालात याची नोंद बहुधा ‘दशांश अपूर्णांकांच्या रूपांतरात विद्यार्थी कमी पडतात, उपचारात्मक अध्यापन घेतले’ अशी होते. ही नोंद खोटी नाही. पण ती वाचून उद्याच्या तासाला फळ्यावर काय लिहायचे हे कोणत्याही शिक्षकाला कळत नाही, म्हणून ती निरुपयोगी आहे.

चाचणीच्या उत्तरपत्रिकांतून कठीण प्रश्न कसे ओळखायचे आणि त्यांच्यामागची चुकीची समजूत कशी हुडकायची, ती रीत इथे दशांश अपूर्णांकांच्या एकाच चाचणीवर करून दाखवतो. सहावीच्या दोन तुकड्या, प्रत्येकी ३० अशी ६० मुले आणि २० गुणांची चाचणी धरली आहे. पुढचे आकडे कोणत्याही प्रत्यक्ष शाळेचे नाहीत. रीत दिसावी म्हणून ते मांडले आहेत, पण ज्या चुका दाखवल्या आहेत त्या खऱ्या वर्गांत नेहमी सापडणाऱ्या आहेत.

गुण नव्हे, उत्तर नोंदवा

नेहमीच्या निकालपत्रकात हजेरी क्रमांक, नाव आणि एकूण गुण असतात. या पत्रकावरून सरासरी निघते, श्रेणी निघते, नापासांची यादी निघते. चूक कुठे झाली ते मात्र निघत नाही, कारण माहिती तिथे पोहोचेपर्यंत पुसली गेलेली असते. १२ गुण मिळवलेली दोन मुले अगदी वेगवेगळ्या प्रश्नांत चुकलेली असू शकतात.

म्हणून पेपर तपासतानाच दुसरे पत्रक भरायचे. त्यात प्रत्येक मुलाची एक ओळ आणि प्रत्येक प्रश्नाचा एक रकाना असतो. बहुपर्यायी प्रश्नाच्या रकान्यात बरोबर-चूक अशी खूण न करता मुलाने निवडलेले पर्यायाचे अक्षर लिहायचे. लेखी उदाहरणाच्या रकान्यात मिळालेले गुण आणि चुकले असल्यास मुलाचे अंतिम उत्तर, दोन्ही लिहायचे. प्रश्न सोडलाच नसेल तर शून्य न लिहिता ‘कोरे’ लिहायचे. शून्य आणि कोरे यांत मोठा फरक आहे. शून्य मिळवणाऱ्याने काही तरी विचार केलेला असतो आणि तो आपल्याला वाचता येतो. कोरे सोडणाऱ्याला प्रश्न कळला नसेल, त्याचा धीर सुटला असेल किंवा वेळ संपली असेल. कोऱ्या जागा चाचणीच्या शेवटच्या दोन प्रश्नांतच गोळा झाल्या असतील, तर ते प्रश्न कठीण ठरवण्याआधी चाचणीची लांबी तपासावी.

६० मुलांचे असे पत्रक भरायला पेपर तपासण्याखेरीज तास-दीड तास जास्तीचा जातो. हे काम शिक्षकावर बोजाच आहे, म्हणून सगळ्या प्रश्नांसाठी ते करू नये. चाचणीच्या संविधान तक्त्यातून ज्या प्रश्नांवर पुढचा घटक उभा राहणार आहे असे पाच-सहा निवडावेत आणि तेवढ्यांचेच रकाने भरावेत.

दोन आकडे आणि त्यांची मर्यादा

पत्रक भरले की प्रत्येक प्रश्नासाठी दोन आकडे काढतात. पहिला काठिण्य निर्देशांक, म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यांची संख्या भागिले एकूण मुले. नाव काठिण्याचे असले तरी आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा, हे ध्यानात ठेवावे लागते. दुसरा भेदकता निर्देशांक. त्यासाठी एकूण गुणांनुसार मुलांची उतरती यादी करून वरचा आणि खालचा गट काढतात. दोन्ही गटांत त्या प्रश्नाचे बरोबर उत्तर देणाऱ्यांतला फरक एका गटाच्या संख्येने भागायचा. गट २७ टक्क्यांचे घ्यावेत ही प्रथा ट्रुमन केली यांच्या १९३९ च्या लेखापासून रूढ झाली. आपल्या ६० मुलांत २७ टक्के म्हणजे १६ मुले. वर्ग लहान असेल तर वरचा तिसरा आणि खालचा तिसरा भाग घेतला तरी चालते.

रॉबर्ट एबेल यांनी भेदकतेसाठी सांगितलेल्या पायऱ्या बी.एड.च्या पुस्तकांतून आपल्याकडे सर्वांना पाठ असतात : ०.४० आणि त्याहून जास्त उत्तम, ०.३० ते ०.३९ बरा, ०.२० ते ०.२९ सुधारण्याजोगा, त्याखाली टाकाऊ. इथे मला स्पष्ट सांगायचे आहे की घटक चाचणीला या पायऱ्या जशाच्या तशा लावू नयेत. मुलांना क्रमाने लावायचे, काहींना निवडायचे अशा परीक्षेसाठी त्या आहेत. घटक चाचणीत शिकवलेले सगळ्यांना आले तर वरचा गट आणि खालचा गट सारखेच उत्तर देतील आणि भेदकता शून्याजवळ येईल. तो प्रश्न टाकाऊ नव्हे, ते शिकवणे यशस्वी झाले आहे. कमी भेदकतेचा आकडा दिसला की ‘असे का?’ एवढेच विचारायचे.

आणखी एक मर्यादा संख्येची. १६ मुलांच्या गटात एका मुलाने उत्तर बदलले की भेदकता ०.०६ ने हलते. त्यामुळे ०.१९ आणि ०.२५ यांत खरा फरक आहे असे मानून अहवालात मत मांडणे चुकीचे ठरेल. काठिण्याचेही तसेच. आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिला म्हणून तो तितका पक्का होत नाही. लहान शाळेत हे निर्देशांक फक्त कुठे पाहायचे ते दाखवतात. काय घडले ते उत्तरांतूनच वाचावे लागते.

हुशार मुलांनी निवडलेला चुकीचा पर्याय

आता क्विंटलचा प्रश्न. पर्याय असे : (अ) १२५, (ब) १२०५, (क) १२५०, (ड) १२५००. बरोबर उत्तर (क). ६० पैकी २१ मुलांनी (क) निवडला, २८ मुलांनी (ब), सात मुलांनी (अ) आणि चार मुलांनी (ड). काठिण्य ०.३५, म्हणजे प्रश्न कठीण गेला. एवढ्यावर थांबले तर अहवालातली तीच जुनी नोंद होईल.

गटवार पाहिले की चित्र बदलते. वरच्या १६ मुलांपैकी सात बरोबर आहेत, आठ जण (ब) वर गेले आहेत आणि एक (अ) वर. खालच्या १६ मुलांत चार बरोबर, पाच (ब), चार (अ) आणि तीन (ड). खालच्या गटाची उत्तरे चारही पर्यायांवर जवळजवळ सारखी विखुरलेली आहेत. चार पर्यायांत न कळता खूण केली तर असेच होते, म्हणून या गटातली चार बरोबर उत्तरेसुद्धा ज्ञानाची धरता येत नाहीत. वरचा गट मात्र अंदाजाने खुणा करत नाही. त्यातली निम्मी मुले एकाच चुकीच्या उत्तरावर एकत्र आली आहेत. चुकीचा पर्याय खालच्या गटापेक्षा वरच्या गटाने जास्त निवडला असेल तर तीनच शक्यता असतात : उत्तरसूची चुकली असेल, प्रश्नाची भाषा दुहेरी असेल, किंवा मुलांच्या मनात एक पक्का आणि सुसंगत पण चुकीचा नियम असेल. पहिल्या दोन गोष्टी पाच मिनिटांत तपासता येतात. इथे त्या ठीक आहेत. मग तिसरी उरते.

तो नियम कोणता, हे १२०५ या उत्तरातच लिहिलेले आहे. बिंदूच्या आधी मोठे एकक, बिंदूच्या नंतर लहान एकक. म्हणजे १२ क्विंटल आणि ५ किलो. मुलाला विचारले तर तो अडखळत नाही. “पॉइंटाच्या अलीकडं बारा क्विंटल अन् पलीकडं पाच किलो,” असे सरळ सांगतो. ही बेफिकिरी नव्हे. त्याच्या भोवतीच्या जगात बिंदू खरोखरच असा वापरला जातो. क्रिकेटमध्ये १२.५ षटके म्हणजे १२ षटके ५ चेंडू, आणि पुढच्या चेंडूनंतर १३ होतात. घड्याळाची वेळ आपण २.३० अशी लिहितो, तिथे बिंदूनंतर मिनिटे असतात. दोन्ही ठिकाणी बिंदू नुसता दोन एककांना वेगळे करतो. मुलाने हीच रीत क्विंटलला लावली. ज्याचे भोवतालाकडे जास्त लक्ष आहे तो मुलगा हे जास्त करेल, म्हणून हा पर्याय वरच्या गटात जड झाला.

इथे चुकीचा पर्याय कसा रचला आहे तेही पाहावे. (ड) १२५०० हा नुसता शून्य वाढवून केलेला पर्याय आहे. तो निवडणाऱ्याविषयी आपल्याला काहीच कळत नाही. (ब) आणि (अ) मात्र एकेका विचाराची उत्तरे आहेत. (अ) निवडणारा १०० ऐवजी १० ने गुणतो, किंवा नुसता बिंदू काढून टाकतो. प्रश्नपत्रिका काढतानाच प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे ‘हे उत्तर कोणत्या विचाराने येईल?’ याचे एक वाक्य लिहिता आले पाहिजे. ते लिहिता येत नसेल तर तो पर्याय बदलावा.

सोप्या प्रश्नात लपलेली समजूत

कठीण प्रश्न निदान डोळ्यांत भरतो. सोपा वाटणारा प्रश्न जास्त फसवतो, आणि माझ्या मते अहवालांतला सर्वांत मोठा दोष इथे आहे. चाचणीत लहान-मोठेपणाचे दोन प्रश्न होते. पहिला : ०.३५, ०.८, ०.१२५, ०.४ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती? दुसरा : ०.३ आणि ०.४५ यांच्यामध्ये योग्य चिन्ह लिहा. पहिला ४२ मुलांनी बरोबर सोडवला, म्हणजे ०.७०. दुसरा ४७ मुलांनी, म्हणजे ०.७८. कोणताही अहवाल म्हणेल की दशांश अपूर्णांकांची तुलना मुलांना समजली आहे.

पण दुसऱ्या प्रश्नाची भेदकता पाहिली तर वरच्या गटात १४ बरोबर, खालच्या गटात १३. आकडा येतो ०.०६. पहिल्या प्रश्नात याच दोन गटांत १५ आणि सात असा फरक होता. तुलना करण्याचीच दोन कामे, मग एका ठिकाणी खालचा गट इतका मागे आणि दुसऱ्या ठिकाणी बरोबरीला कसा? प्रत्येक मुलाची दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की याचा उलगडा होतो. पहिल्या प्रश्नाचे बरोबर-चूक (१ किंवा ०) एफ रकान्यात आणि दुसऱ्याचे जी रकान्यात असेल, तर पहिले बरोबर आणि दुसरे चूक असलेली मुले अशी मोजता येतात :

```
=COUNTIFS(F2:F61,1,G2:G61,0)
```

सूत्रातल्या १ आणि ० च्या जागी ० आणि १, १ आणि १, ० आणि ० घालून उरलेल्या जोड्या मोजायच्या. आपल्या ६० मुलांत दोन्ही बरोबर असलेली मुले निघतात ३०. फक्त पहिले बरोबर १२, फक्त दुसरे बरोबर १७, दोन्ही चूक एक. एकेक प्रश्न पाहिला तेव्हा सत्तर-अठ्ठ्याहत्तर टक्के मुलांना समजले असे दिसत होते. जोडीने पाहिल्यावर ती निम्मीच आहेत, आणि उरलेली निम्मी दोन वेगळ्या समजुतींत वाटली गेली आहेत.

फक्त दुसरा प्रश्न बरोबर आलेल्या १७ मुलांपैकी बहुतेक अंक जास्त ती संख्या मोठी असे धरतात. बिंदूनंतरचा भाग ती सुटी पूर्ण संख्या म्हणून वाचतात : १२५ हे ३५ पेक्षा आणि ८ पेक्षा मोठे, म्हणून ०.१२५ सर्वांत मोठी. पहिल्या प्रश्नात चुकलेल्या १८ मुलांपैकी १४ जणांनी ०.१२५ च निवडले होते. दुसऱ्या प्रश्नात याच नियमाने ३ पेक्षा ४५ मोठे, आणि उत्तर आपोआप बरोबर येते. आपल्या वर्गांत ०.३५ हे ‘पॉइंट पस्तीस’ असे वाचण्याची सवय या समजुतीला खतपाणी घालते. ‘तीन दशांश, पाच शतांश’ असे वाचणारा वर्ग तितका घसरत नाही.

फक्त पहिला प्रश्न बरोबर आलेल्या १२ मुलांची समजूत उलटी आहे. दशांश शतांशापेक्षा मोठा असतो, शतांश सहस्रांशापेक्षा मोठा असतो, हे त्यांनी ऐकले आहे आणि ते खरेही आहे. त्यावरून त्यांनी नियम काढला की अंक कमी तितकी संख्या मोठी. या नियमाने ०.८ सर्वांत मोठी ठरते, जे बरोबर आहे. आणि ०.३ ही ०.४५ पेक्षा मोठी ठरते, जे चूक आहे. या मुलांनी वर्गात लक्ष दिले आहे. स्थानाची किंमत त्यांनी पाहिली, त्या स्थानावर किती आहेत ते मोजायचे राहिले.

मेलबर्न विद्यापीठातील के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी नव्वदच्या दशकात तीन हजारांहून अधिक मुलांना अशाच जोड्या वर्षानुवर्षे देऊन पाहिल्या. अंक जास्त तर मोठी, ही समजूत वरच्या वर्गांत विरळ होत जाते. अंक कमी तर मोठी, ही समजूत मात्र माध्यमिक वर्गांतही टिकून राहते असे त्यांना आढळले. आपल्या अहवालाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की १७ मुलांपेक्षा ही १२ मुले जास्त काळजीची आहेत, आणि नेहमीच्या प्रश्नपत्रिकेत नेमकी हीच बरोबर ठरून निसटतात.

बेरजेत खरा, वजाबाकीत खोटा

लेखी उदाहरणांतली चूक वाचायला जास्त मेहनत लागते, पण ती जास्त बोलकी असते. ४.५ − २.३८ हे दोन गुणांचे उदाहरण. उत्तर २.१२. २६ मुलांचे बरोबर, चार कोरी, ११ जणांची उत्तरे इकडेतिकडे, आणि १९ जणांचे उत्तर एकच : २.२८.

१९ मुले एकाच चुकीच्या उत्तरावर पोहोचतात तेव्हा त्यांनी एकाच रस्त्याने प्रवास केलेला असतो. उभी मांडणी त्यांनी बरोबर केली आहे, बिंदूखाली बिंदू आला आहे. शतांशाच्या घरात वर काही नाही आणि खाली ८ आहे. वर काही नाही म्हणून ८ तसाच खाली उतरवला, मग पाचातून तीन गेले दोन, चारातून दोन गेले दोन. हा ‘तसाच उतरवा’ नियम मुलांनी कुठून आणला? बेरजेतून. ४.५ + २.३८ मध्ये ८ तसाच उतरवला की ६.८८ हे उत्तर अगदी बरोबर येते. ४.५८ − २.३ मध्येही तो चालतो, कारण जास्त दशांश स्थळे असलेली संख्या वर आहे. स्वाध्यायातल्या वजाबाक्यांत वरच्या संख्येत दशांश स्थळे जास्त किंवा समान असतील तर हा नियम एकदाही फसत नाही, आणि मुलाला तो सोडण्याचे कारणच मिळत नाही.

इथे दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, तुकडीनुसार विभागणी. १९ पैकी १५ मुले अ तुकडीतली आणि चार ब तुकडीतली निघाली, तर अ तुकडीत फळ्यावर सोडवलेली उदाहरणे कोणती होती ते वह्या उघडून पाहावे. हे शिक्षकाचा दोष काढण्यासाठी नाही. विभागाच्या बैठकीत तसा सूर लागला तर पुढच्या चाचणीपासून कोणी खरी उत्तरे नोंदवणार नाही, म्हणून अहवालात तुकडीचे नाव असावे, शिक्षकाचे असू नये. दुसरी, बसण्याची रचना. २.२८ हे उत्तर लागून असलेल्या चार बाकांवर गोळा झाले असेल तर समजुतीआधी शेजाऱ्याच्या पेपरचा विचार करावा लागेल.

गुणदानाचाही इथे प्रश्न येतो. मांडणीसाठी एक गुण द्यायचा ठरला तर १९ मुलांना प्रत्येकी एक गुण मिळतो, आणि १२० पैकी ७१ गुण म्हणजे काठिण्य ०.५९ येते. उत्तर चुकले म्हणून शून्य दिले तर ५२ गुण, म्हणजे ०.४३. मुले तीच, चूक तीच. एका पद्धतीत प्रश्न मध्यम आणि दुसरीत बराच कठीण. दोन तुकड्यांचे पेपर दोन शिक्षकांनी तपासले असतील आणि गुणदान योजना आधी ठरलेली नसेल, तर लेखी प्रश्नांच्या काठिण्याची तुलना करूच नये. चुकीचे उत्तर लिहून ठेवण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी. गुणदान बदलले तरी २.२८ बदलत नाही.

मुलाशी दोन मिनिटे

उत्तरपत्रिकेवरून काढलेला निष्कर्ष हा अंदाजच असतो. तो पक्का करायला प्रत्येक चुकीमागे तीन-चार मुलांशी दोन मिनिटे बोलणे पुरते. त्यांचे उत्तर चूक आहे हे सांगायचे नाही. त्याच प्रकारचे नवे उदाहरण देऊन ‘मोठ्याने बोलत सोडव’ एवढेच म्हणायचे. क्विंटलच्या प्रश्नात आणखी एक चांगला उपाय आहे. १२.०५ क्विंटल म्हणजे किती, असे विचारावे. १२०५ म्हणणारा मुलगा इथेही १२०५ म्हणाला तर १२.५ आणि १२.०५ त्याला एकच वाटतात हे सिद्ध झाले. मग दोन्ही संख्या शेजारी लिहून ‘दोन्ही सारख्या का?’ असे विचारायचे आणि थांबायचे.

यानंतर ‘साडेबारा क्विंटल म्हणजे किती किलो?’ असे तोंडी विचारावे. कापूस पिकवणाऱ्या घरातला मुलगा क्षणात बाराशे पन्नास म्हणतो. म्हणजे साडेबाराची कल्पना त्याच्याजवळ आहे, १२.५ या लेखनाशी ती जोडली गेलेली नाही. उपचाराचा धागा इथेच सापडतो. साडेबारा म्हणजे १२.५, सव्वाबारा म्हणजे १२.२५, पावणेतेरा म्हणजे १२.७५ असे आधी जोडून घ्यायचे. मग क्विंटलचे दहा समान भाग करायचे, एक भाग १० किलोचा. बिंदूनंतरचा पहिला अंक हे भाग मोजतो, दुसरा अंक सुटे किलो मोजतो. साडे, सव्वा, पावणे इथपर्यंतच नेतात, १२.३ साठी दहा भागांशिवाय गत्यंतर नाही. याच जिल्ह्यात, सेवाग्रामच्या नई तालीममध्ये, टकळीवरचे सूत मोजता-मोजता मुले हिशेब शिकत होती. कापसाच्या काट्यापासून दशांश चिन्हापर्यंत जाणारी ही वाट त्याच रीतीची आहे.

एका लोकप्रिय उपायाविषयी सावध करतो. ‘दोन्हीकडे अंक सारखे होईपर्यंत शून्य लावा आणि मग तुलना करा’ ही युक्ती बहुतेक वर्गांत शिकवली जाते. ०.८ चे ०.८०० केले की ते १२५ पेक्षा मोठे दिसते आणि उत्तर बरोबर येते. पण मुलगा अजूनही ८०० आणि १२५ या पूर्ण संख्याच तोलत असतो. पुढच्या चाचणीत काठिण्य निर्देशांक सुधारलेला दिसेल, समजूत जागच्या जागी राहील. स्थानिक किमतीचा तक्ता आधी, शून्य लावणे नंतर, असा क्रम हवा.

अहवालातली नोंद

एवढे झाल्यावर अहवालात काय लिहायचे? प्रत्येक निवडलेल्या प्रश्नासाठी अर्धे पान पुरते. क्विंटलच्या प्रश्नाची नोंद अशी होईल :

‘प्रश्न : १२.५ क्विंटल = किती किग्रॅ? बरोबर २१/६०. सर्वाधिक चुकीचे उत्तर १२०५, २८ मुले. त्यांत वरच्या गटातली आठ. अर्थ : बिंदूनंतरचा अंक लहान एककाची सुटी संख्या म्हणून वाचला जातो. पडताळणी : चार मुलांशी बोलणे झाले, तिघांनी १२.५ आणि १२.०५ यांचे उत्तर एकच सांगितले. चौथ्याने बोलताना स्वतःच दुरुस्त केले. वर्गात घ्यायचे : दहा भागांची पट्टी, १२.५ आणि १२.०५ शेजारी, षटकांच्या लेखनातला बिंदू वेगळा का याची चर्चा. एक तास. फेरतपासणी : ३.४ मीटर = किती सेमी? २.५ तास = किती मिनिटे?’

फेरतपासणीचे प्रश्न मुद्दाम क्विंटलबाहेरचे आहेत. पुन्हा क्विंटलच विचारला तर मुलांनी उत्तर लक्षात ठेवले की विचार बदलला हे कळणार नाही. पहिल्या प्रश्नात ३०४ आले तर जुनी समजूत कायम आहे. दुसऱ्या प्रश्नात १५० बरोबर. १२५ लिहिणारा बिंदूनंतरचे ५ ही मिनिटे धरतो, १७० लिहिणारा २.५ चे आधी २.५० करून मग ५० मिनिटे धरतो. हा दुसरा मुलगा नीट पाहावा. शून्य लावण्याची युक्ती त्याला आली आहे आणि बिंदूचा अर्थ अजून आलेला नाही. मीटरचा प्रश्न तो बरोबर सोडवेल, कारण तिथे शंभराचे माप त्याला सांभाळून घेते. तासाला साठ मिनिटे असल्याने तो इथेच पकडला जातो.

तुलनेच्या जोडीची नोंद वेगळी करावी आणि तिथे टक्केवारी लिहूच नये. दोन्ही बरोबर, फक्त पहिले, फक्त दुसरे, दोन्ही चूक, असे चार आकडे लिहावेत. ‘फक्त पहिले बरोबर’ असलेल्या १२ मुलांचे हजेरी क्रमांक विभागाच्या फाइलमध्ये राहावेत आणि वर्षअखेरीस सातवीच्या गणित शिक्षकाकडे जावेत. सातवीच्या पहिल्या आठवड्यात त्यांना ०.६ आणि ०.७३, १.२ आणि १.१९ अशा दोन जोड्या द्याव्यात. यांपैकी दुसऱ्या जोडीत अंक कमी तर मोठी या नियमानेही उत्तर बरोबर येते. म्हणून बारा जणांचा निर्णय पहिल्या जोडीवर करावा, आणि दुसरी जोडी उलट समजुतीची मुले अजून कोणी उरली आहेत का हे पाहण्यासाठी सगळ्या वर्गाला द्यावी.